दुसऱ्या आवृत्तीत कौतिक परत आली

जीवरामची कादंबरी एकोणचाळीस साली निघाली, तेव्हा हजार प्रती छापल्या होत्या. त्या संपायला पाच वर्षं लागली. त्यातल्या शंभरेक तर त्याने स्वतःच वाटल्या. लग्नात, मुंजीत, नशिराबादच्या शाळेत, एक तर दात काढणाऱ्या वैद्यालाही दिली. भिकुबाईला हे सगळं माहीत होतं. तिचा धाकटा दीर होता तो. आठ वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून तिनेच त्याचं डोकं धुतलं, तापात तिनेच त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. आता तो जळगावात मास्तर होता आणि लेखक होता, पण तिच्या लेखी अजून त्याच्या कानामागे मळ होता.

भिकुबाईची शाळा दुसरीतच सुटली. पुढचं ती थोरल्या मुलाच्या पाटीवरून शिकली. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची. त्यामुळे तिचं एक पुस्तक संपायला उन्हाळा जायचा, पण एकदा वाचलेलं तिच्या डोक्यातून जात नसे. जीवरामची कादंबरी तिने चारदा वाचली होती. इतक्या वेळा ती वाचणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. जीवरामच्या बायकोने, सुनंदाबाईने, एकदाच वाचली होती, आणि तीही लग्न ठरलं तेव्हा, भीतीपोटी.

कादंबरीत कौतिक नावाची बाई होती. धुळ्यात, पांझरेच्या काठी तिचं सासर. दहा वर्षं मूल नाही म्हणून नवरा दुसरी करतो. आणि सासू म्हणते, लग्नाचे मांडे कौतिकच करेल, तिच्यासारखे मांडे गावात कुणाला येत नाहीत. कौतिक मांडे करते. शंभर मांडे होतात. शेवटचा खापरावर टाकते, हात धुते आणि नेसत्या लुगड्यानिशी पांझरेपलीकडे निघून जाते. खापरावरचा मांडा जळतो आणि मांडवात धूर येतो, तिथे पुस्तक संपतं.

हे जीवरामने डोक्यातून काढलं नव्हतं. भिकुबाईनेच त्याला सांगितलं होतं. धुळ्याच्या शेवंताबाईची, तिच्या थोरल्या बहिणीची, ती गोष्ट होती. एवढंच, की शेवंताबाई पांझरा ओलांडून गेली नव्हती. तिने शंभर मांडे केले, एकशे एकावा केला, पंगतीला वाढले, सवतीची ओटी भरली आणि पुढे तिच्याच चार पोरांना न्हाऊमाखू घातलं. जीवरामला गोष्ट सांगून झाल्यावर भिकुबाई एवढंच म्हणाली होती, "तुझ्या पुस्तकात मात्र तिला जाऊ दे." आणि त्याने जाऊ दिलं होतं. त्याच्या हातून झालेलं तेवढं एक शहाणपणाचं काम.

शेवंताबाईला अक्षर येत नव्हतं. दरवर्षी चैत्रात ती धुळ्याहून बहिणीकडे यायची. चाळीसगावला गाडी बदलून, पिशवीत लसणाची चटणी घेऊन. आल्यावर शेवटलं प्रकरण वाचून घ्यायची. ऐकताना ती गुडघा चोळत राहायची. कौतिक नदीत उतरली की तिचा हात गुडघ्यावर थांबायचा. संपलं की आपल्या अहिराणीत म्हणायची, "बरं शे," म्हणजे बरं आहे, आणि दुसऱ्या कामाला लागायची. ते तिचं प्रकरण आहे, हे भिकुबाईने तिला कधी सांगितलं नव्हतं आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं.

तर आता दुसरी आवृत्ती निघणार होती.

जीवरामने दोन वर्षं तिची तयारी चालवली होती. पहिल्या आवृत्तीची एक प्रत त्याने सोडवून घेतली आणि प्रत्येक दोन पानांमध्ये एक कोरं पान घालून पुन्हा बांधून आणली. छापील पानावर तांबड्या शाईने खुणा आणि कोऱ्या पानावर नवा मजकूर. पुस्तक फुगून डब्यासारखं झालं होतं.

"एवढं काय बदलायचंय?" भिकुबाईने विचारलं. "लोकांनी वाचलं ना ते?"

"वहिनी, तेव्हा खिळे जुळवून छापलं, मग ते खिळे सोडवून खणात परत गेले. दुसऱ्या आवृत्तीला पहिल्या अक्षरापासून पुन्हा जुळवावं लागतं. जुळवायचंच आहे, तर चांगलंच का जुळवू नये? बदलाचा वेगळा खर्च नाही."

"म्हणजे घर पाडलंच आहे, तर दाराची दिशा बदलतो म्हण की."

"पुण्याच्या परीक्षणात काय लिहिलं होतं ठाऊक आहे ना? भाषा ओबडधोबड आहे म्हणून."

ते तिला ठाऊक होतंच. पाच वर्षं घरात दुसरं काही ऐकलं नव्हतं. पुण्याच्या कुणा मासिकात सहा ओळी आल्या होत्या, त्यातल्या चार चांगल्या होत्या. जीवरामने त्या चारांकडे कधी पाहिलं नाही. राहिलेल्या दोनांसाठी त्याने तीनशे सोळा ठिकाणी तांबडी शाई लावली. "चांदणं पडलं" होतं, तिथे "कौमुदी पसरली" केलं. "रडू आलं" होतं, तिथे "नेत्र पाणावले".

"कौतिकचे नेत्र कुठले रे? तिला डोळे होते," भिकुबाई म्हणाली.

"वाचकाला फरक जाणवतो, वहिनी."

"कुठल्या वाचकाला?"

तो तांबडी दौत घेऊन आत गेला.

सगळंच बदलणं वेडेपणाचं नव्हतं. ते भिकुबाई मान्य करायची, तोंडावर मात्र नाही. पहिल्या आवृत्तीत कौतिकची जाऊ पौषात गरोदर राहिली होती आणि पुढच्या वर्षीच्या फाल्गुनात बाळंत झाली होती. यावलच्या एका बाईने पत्र लिहून विचारलं होतं, की तुमच्याकडे माणसं होतात की हत्ती. ते जीवरामने सरळ केलं. दुसरं, त्याने कौतिकला मांडे लाटायला लावले होते, पोळपाटावर, लाटण्याने! असे मांडे खान्देशात कुठली बाई करते? कणकेच्या उंड्यात पुरण भरून दोन्ही हातांवर फिरवत, कोपरापर्यंत ताणत न्यायचा आणि उपड्या खापरावर पसरायचा. जन्मभर मांडे खाल्ले आणि एकदाही स्वयंपाकघरात डोकावला नाही, तो हा लेखक. ते वाचून भिकुबाईने त्याला दोन दिवस पोळपाटावरची पोळी वाढली आणि म्हणाली, "घे, मांडा." तेही त्याने दुरुस्त केलं. जवळजवळ पन्नास छापायच्या चुका होत्या, त्या नीट केल्या. हे झालं.

पण लढाई चालू होती आणि तिच्यापायी कागदाचा दुष्काळ. छापखान्याचा मालक रतिलाल, तोच प्रकाशक. तोंडाने गोड आणि हिशेबाने तिखट. पहिली आवृत्ती तीनशे वीस पानांची होती, सोळा पानांचा एक असे वीस फर्मे. रतिलाल म्हणाला, "मास्तर, मला कागद पंधरा फर्म्यांचा मिळतोय. पाच फर्मे कमी करा, नाहीतर लढाई संपेपर्यंत थांबा."

जीवराम थांबणाऱ्यातला नव्हता. अक्षर बारीक घेतलं, समास कमी केले, त्यात दोन फर्मे वाचले. राहिलेल्या तीन फर्म्यांसाठी त्याने कात्री घेतली. आणि कुठे चालवली? चोपड्याच्या बाजारातलं कासारणीचं भांडण काढलं. कौतिकच्या सासऱ्याचा ढवळ्या बैल आणि त्याची खोड काढली. नायकाचं ग्रामोद्धारावरचं बावीस पानांचं भाषण मात्र जसंच्या तसं ठेवलं. "पुस्तकाचा कणा आहे तो," म्हणाला. भिकुबाई ते भाषण चारही वेळा बोट न टेकवता उलटून गेली होती.

तपासणीची मुद्रितं आली, की दोन माणसं लागतात. एकाने हाती लिहिलेली प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्यावर नजर ठेवायची. सुनंदाबाई सहाव्या महिन्यात होती, तिला बसवेना. म्हणून जीवरामने वहिनीला बसवलं. तो वाचायचा, ती बोट फिरवायची. आणि खरं सांगायचं तर तिच्याइतक्या चुका छापखान्यातल्या झुलालनेही धरल्या नसत्या. झुलालने खिळे जुळवण्यात वीस वर्षं काढली होती. शिकलेला माणूस शब्द ओळखतो आणि पुढे जातो. भिकुबाईला प्रत्येक अक्षराशी ओळख करून घ्यावी लागायची. एक मात्रा गळली, तरी तिचं बोट अडायचं.

छापखान्यात खिळे थोडे. एक फर्मा जुळवायचा, तपासायचा, छापायचा, सोडवायचा आणि त्याच खिळ्यांत पुढचा लावायचा. त्यामुळे मुद्रितं फर्म्याफर्म्याने येत गेली. पौषात सुरू झालेलं काम चैत्राच्या तोंडाशी चौदाव्या फर्म्यापर्यंत आलं. चौदाही छापून रतिलालकडे गठ्ठे बांधून पडले. पंधरावा काही भिकुबाईपुढे आला नाही.

"शेवटला कुठे आहे रे?" तिने विचारलं.

"तो थोडकाच आहे वहिनी. आठ पानं मजकूर आणि आठ पुढची पानं. नाव, अर्पण, प्रस्तावना. ही पानं नेहमी शेवटीच छापतात. ते मी एकटा बघतो."

"चौदा मी पाहिले आणि आठ पानांनी माझे डोळे बिघडतील होय?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

माझा त्रास याला लहानपणापासून कधी दिसला नाही, तो आज दिसला, असं भिकुबाईच्या मनात आलं. एवढंच म्हणाली, "पुस्तक बाहेर जाण्याआधी आळीतल्या बायांना वाचून दाखव. बिबडे घालायला येतातच सगळ्या. मागलं पुस्तक ऐकून ऐकून त्यांच्या पाठ आहे. बदललंय म्हणून सांगू नको. बघू, तुझा फरक कुणाला जाणवतो."

जीवराम खूश झाला. लेखकाला ऐकणारी माणसं दाखवली, की तो कुठल्या खड्ड्याकडे चाललाय हे बघत नाही.

बिबडे घालायचे ते पहाटे. ज्वारीचा शिजवलेला घाटा कापडावर पापडासारखा गोल पसरून वाळत घालायचा. दहा वाजेपर्यंत काम आवरतं. मग राखणीला बसायचं, कावळे हाकायचे. आळीतल्या कमलबाई, मंजुळाबाई, सुंदरबाई आणि धुळ्याहून आलेली शेवंताबाई सावलीला बसायच्या, भिकुबाई भिंतीला पाठ लावून. शाळेला सुट्टी होती. जीवराम छापलेले फर्मे घेऊन खुर्चीवर बसला. आठ दिवस वाचन चाललं.

पहिल्याच दिवशी कौमुदी पसरली. जीवरामने डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. कुणाची पापणी हलली नाही. नेत्र पाणावले, कमलबाईने कावळा हाकला. तीनशे सोळांपैकी तीनशे सोळा जागा तिथल्या तिथे वाळून गेल्या. जावेचे नऊ महिने बरोबर भरले, कुणी ब्र काढला नाही.

मांड्यांचं वर्णन आल्यावर मात्र जीवरामला राहवलं नाही. त्याने थांबून विचारलं, "इथे काही वेगळं वाटतं का?"

"काय वेगळं?" सुंदरबाई म्हणाली.

"मागच्या पुस्तकात कौतिक मांडे लाटत होती."

"खुळं की काय! मांडे कुणी लाटतं? मागंबी हातावरच करत होती. मला चांगलं आठवतं."

"अहो, छापलेलं आहे! लाटण्याने!"

"तुम्ही छापलं असंल भाऊ. मी ऐकलं ते हातावरच."

भिकुबाईला पदराआड हसू आवरेना. म्हणजे चूक होती, तेव्हा या बायांनी आपल्या मनात ती नीट करून घेतली होती आणि आता नीट केली, तर याला उपकार कुणी मानेना. दुरुस्तीची एवढीच किंमत. चूक असली तर पत्र येतं, नसली तर टपालवाला दारावरून पुढे जातो.

पण काढलेलं? ते पाचव्या दिवशी कळलं. जीवराम एका पानावरून दुसऱ्यावर गेला आणि मंजुळाबाईने हात वर केला.

"थांबा मास्तर. पान सुटलं."

"नाही सुटलं."

"सुटलं. आता चोपड्याचा बाजार. कासारीण येती ना, 'तुझ्या सासूनं बांगड्या भरल्या त्या कुणाच्या नावानं' म्हणती, ते कुठं गेलं?"

"ते काढलं."

"काढलं?" मंजुळाबाई बाकीच्यांकडे बघायला लागली, जशी काही जीवरामने कासारीण जित्तीच पुरली होती. "ती काय करत होती तुमचं?"

"कागद नाही, मंजुळाबाई. लढाई आहे."

"मग त्या भाषणवाल्याला काढायचं. तो बोलतो, तवा मी घरी जाऊन पाणी भरून येती."

"आणि ढवळ्या?" कमलबाईने विचारलं. "पाण्यात बसणारा? तोबी लढाईला गेला?"

सगळ्या हसल्या. जीवराम लाल झाला. तीन फर्म्यांसाठी काढलेल्या पंचवीस जागा त्या बायांनी आठ दिवसांत एकेक करून दाराशी आणून ठेवल्या. कुत्र्याचं नाव गेलं होतं, तेसुद्धा. बावीस पानांच्या भाषणात त्याने नव्याने घातलेले चार उतारे मात्र कुणाला दिसले नाहीत. भिकुबाईने तेवढ्यात एक गोष्ट पक्की हेरली: नवीन घातलेलं कुणाला दिसत नाही, सजवलेलं दिसत नाही, काढलेलं तेवढं दिसतं. तोंडातला दात पडल्यावर जीभ तिथेच जाते.

आठव्या दिवशी शेवटलं प्रकरण होतं. फर्मा छापलेला नव्हता, मुद्रितच होतं, ओलसर कागदाच्या लांब पट्ट्या. जीवराम वाचू लागला, पण त्याचा आवाज नेहमीसारखा लागत नव्हता. कौतिकने शंभर मांडे केले. शेवटचा खापरावर टाकला. हात धुतले. निघाली. शेवंताबाईचा हात गुडघ्यावर थांबला.

आणि पांझरेच्या काठावर कौतिक थबकली. मागून सासूची हाक आली. कौतिकला 'आपल्या धर्माची जाणीव झाली'. ती परत फिरली, खापरावरचा मांडा जळायच्या आत उचलला, सवतीला पाटावर बसवलं आणि सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. 'तिच्या मुखावर अपूर्व शांती विलसत होती.' संपलं.

अंगणात एक कावळा बिबड्यावर बसला, तो कुणी हाकला नाही.

"हे काय वाचलं?" सुंदरबाई म्हणाली.

"परत आली?" कमलबाई. "कशाला परत आली?"

"अहो, गेली होती ती! मी माझ्या भाचीला सांगितलंय, गेली म्हणून!" मंजुळाबाई उठूनच उभी राहिली. "तिला आता काय सांगू, पुस्तकवाल्यानं मागं आणली?"

भिकुबाईने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती बहिणीकडे बघत होती. शेवंताबाईने गुडघ्यावरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

"ती परत उनी का?" तिने शांतपणे विचारलं.

जीवरामने मान डोलावली.

"मी इतली वर्षं समजत होती, ती गयी." शेवंताबाईने पदर सारखा केला. "बठ्ठ्याच परत येतस, मग." सगळ्याच परत येतात, एवढं म्हणून ती उठली, कावळा हाकलला, बिबड्याचा तुटका तुकडा जागेवर बसवला आणि आत पिशवी भरायला गेली. सकाळच्या गाडीने धुळ्याला परत जाते म्हणाली. एरवी ती अक्षयतृतीयेपर्यंत राहायची.

बाया गेल्या. जीवराम पट्ट्या गुंडाळत होता.

"आता बोल," भिकुबाई म्हणाली.

"वहिनी, शाळांच्या ग्रंथालयांसाठी मंजूर पुस्तकांची यादी निघणार आहे. समितीतल्या एका गृहस्थांनी सांगितलं, पुस्तक चांगलं आहे, फक्त शेवट. नवऱ्याला सोडून जाणारी बाई मुलांच्या हाती कशी द्यायची? एवढं बदललं, तर यादीत येईल. यादीत आलं, की जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत जाईल."

"लेखी दिलं?"

"सुचवलं."

"म्हणजे तू पांझरेत उतरलेली बाई त्या गृहस्थाच्या सुचवण्यावर मागे ओढलीस. आणि मला शेवटला फर्मा दाखवला नाहीस."

"तुम्ही अशाच बोलला असता."

"अशी बोलते म्हणून तर तुला गोष्ट मिळाली. ती कुणाची गोष्ट आहे, माहीत आहे ना तुला?"

"आहे."

"तिला पण माहीत आहे." भिकुबाईचा आवाज चढला नाही. "खरोखरीची ती परत फिरलीच नव्हती रे, कारण ती निघालीच नव्हती. शंभर मांडे करून तिथेच बसली. पस्तीस वर्षं झाली. तुझ्या पुस्तकात तेवढी गेली होती. दरवर्षी धुळ्याहून येऊन ती एवढं बघून जायची, की गेलेली बाई अजून गेलेलीच आहे. आज तू तिला सांगितलंस, की तीही आली. कौमुदी कर, नेत्र कर, कुत्र्याचं नाव गिळ. त्यानं कुणाचं काही जात नाही. पण हे एक तू तिच्या हातून घेतलंस."

जीवरामने गुंडाळलेल्या पट्ट्या पुन्हा उलगडल्या. मग हळूच म्हणाला, "फर्मा जुळलेला आहे, वहिनी. रतिलाल उद्या छापणार."

"जुळलेलं सुटतं. तूच म्हणालास."

"जागा नाही. नवा शेवट तीन पानांत बसवला. जुना आठ पानांचा आहे. फर्म्यात पानं सोळाच. तीनच्या जागी आठ म्हणजे पाच पानं जास्त. मजकुराची आणखी पाच पानं आहेत, ती आधीच्या छापलेल्या मजकुराला जोडून आहेत, ती हलत नाहीत. कागद एक ताव जास्त मिळणार नाही."

भिकुबाईने पट्ट्या त्याच्या हातून घेतल्या. बोट ठेवत गेली. नाव, एक पान. मागे छापखान्याचा पत्ता, एक. अर्पण, एक. मग 'दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने'. तिने मोजलं.

"हे काय आहे?"

"प्रस्तावना. मी कोणते बदल केले आणि का केले, ते."

"किती पानं?"

तिने आधीच मोजली होती. पाच.

"दोन वर्षं घालवली त्यात," जीवराम म्हणाला. "वाचकांना कळायला नको, मी काय केलं?"

"आठ दिवस वाचलंस ना वाचकांपुढे? काय कळलं त्यांना?"

रात्री त्याला झोप लागली की नाही, ते भिकुबाईने पाहिलं नाही. ती घोरत होती. सकाळी उठली, तर तो कपडे करून बसला होता, मांडीवर फुगलेली प्रत. शेवटली कोरी पानं त्याने सोडवून काढली होती आणि खालची छापील पानं मोकळी केली होती. छापखान्यात गेला आणि प्रस्तावनेची पाच पानं काढायला सांगितली. रतिलालने कपाळाला हात लावला. "मास्तर, यादीवर पाणी सोडताय तुम्ही." झुलालने काहीच विचारलं नाही. पहिली आवृत्तीही त्यानेच जुळवली होती. तो पुन्हा आठ पानं जुळवायला बसला आणि पहिल्या पानाशी म्हणाला, "हे हाताला आठवतंय."

डोळे, चांदणं यांतलं काही परत आलं नाही. नेत्र आणि कौमुदी आधीच्या चौदा फर्म्यांत छापून गेले होते. कासारीणही आली नाही, ढवळ्याही नाही. एवढा जुना शेवट तेवढा परत आला, म्हणजे कौतिक परत गेली.

पुस्तक यादीत आलं नाही. समितीतले गृहस्थ पुढे कधी भेटले, तर जीवरामला ओळख देईनात. वर्षभरात चौदा पत्रं आली. अकरा पत्रांत कासारणीची चौकशी होती. दोघांनी ढवळ्याबद्दल विचारलं. एकाने लिहिलं, की पहिल्या आवृत्तीत कुत्र्याला नाव होतं, ते हरवलं कसं? भाषेबद्दल कुणी लिहिलं नाही. पुण्याच्या मासिकाने दुसऱ्या आवृत्तीची दखल घेतली ती एका ओळीत: 'पहिल्या आवृत्तीचेच पुनर्मुद्रण.'

"बघ," भिकुबाई म्हणाली, "तिथेही कुणी वाचलं नाही."

पुढल्या चैत्रात शेवंताबाई येईल की नाही, याची भिकुबाईला खात्री नव्हती. पण आली. वाचून दाखव म्हणाली नाही. तिसऱ्या दिवशी भिकुबाईने आपणहूनच नवं पुस्तक काढलं आणि बोट ठेवून, ओठ हलवत, शेवटलं प्रकरण वाचलं. जीवराम ओसरीवर शाळेच्या वह्या तपासत होता, पण त्याचा हात थांबलेला होता.

कौतिक पाण्यात उतरली. पलीकडे चढली. मांडवात धूर आला. संपलं.

शेवंताबाईने पुस्तकाकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, "मागल्या साली तुमना छापखानावालानं काहीतरी चूक करेल होती का?"

भिकुबाईने ओसरीकडे बघितलं. जीवरामने मान वर केली होती. त्याच्या तोंडावर ती जुनी आशा आली होती, की आता कुणीतरी सांगेल, काय बदललं होतं, कुणी परत आणलं आणि त्यासाठी कशावर पाणी सोडलं.

"हो बाई," भिकुबाई म्हणाली, "छापायची चूक होती. सुधारली."

"बरं शे," शेवंताबाई म्हणाली, आणि बिबड्यांकडे बघायला अंगणात गेली.